गांधीलमाशी चावली आणि अंगभर गांध्या उठल्या, तर आधी आडवं करा



गेल्या नोव्हेंबरात ग्रामसंघाच्या बैठकीसाठी मी एका डोंगराकडच्या वाडीत गेले होते. भाताची मळणी चालू होती, म्हणून बैठक खळ्यावरच ठेवली होती. एक ताई उडवीतल्या पेंढ्या काढायला गेल्या आणि पेंढ्यांच्या आड असलेल्या पोळ्यातल्या गांधीलमाशीनं त्यांच्या मानेला चावा घेतला. एकच माशी, एकच दंश. कुणी चुना आणला, कुणी लोखंड घासलं. आम्ही सगळ्या हसत होतो, त्या ताईसुद्धा.

पुढच्या वीस मिनिटांत त्या ताई जवळजवळ गेल्या होत्या. त्यात आमच्याकडून एक चूक झाली आणि ती करणाऱ्यांत मीही होते. म्हणून या अंकात तोच विषय घेतलाय. त्या ताईंनी सांगितलंय, "माझं नाव नको, पण झालं ते सगळं लिही."

काय झालं, मिनिटामिनिटानं

दंश झाला तेव्हा साधारण दहा चाळीस झाले होते. पाचेक मिनिटांनी ताई म्हणाल्या, "हाताचे तळवे आणि टाळू खाजतेय गं." बघता बघता पोट, पाठ आणि मांड्यांवर लाल गांध्या उठल्या. आम्ही म्हटलं, पित्त उठलं. एकीनं आमसुलाचं पाणी करायला घेतलं, दुसरीनं घरातली अ‍ॅलर्जीची गोळी दिली.

आणखी पाच मिनिटांत ओठ सुजले आणि आवाज घोगरा झाला. "घसा दाटल्यासारखा वाटतोय," असं त्या म्हणाल्या. मग पोटात कळ आली, उलटी झाली आणि त्या आपणहून जमिनीवर आडव्या झाल्या. आडव्या झाल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं होतं, हे त्यांना आजही आठवतं.

इथंच आम्ही चुकलो. "अशा झोपू नका, उठून बसा, पाणी प्या, वारं लागू द्या," असं म्हणत आम्ही दोघींनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. पुतण्यानं मोटारसायकल आणली. दोघांच्या मधे बसवून न्यायचं ठरलं आणि त्यांना उभं केलं. दोन पावलं टाकली आणि डोळे फिरले, मान कलली, हातपाय गार पडले. मनगटाची नाडी लागेना.

घाबरून आम्ही त्यांना परत खाली ठेवलं. गटातल्या एका मावशी ओरडल्या, "पाय वर करा तिचे!" पायांखाली धान्याचं पोतं सरकवलं आणि तोंड एका कुशीला वळवलं. मिनिटभरानं ताईंनी डोळे उघडले. मग जीपच्या मागच्या भागात पेंढा टाकून त्यांना झोपवूनच नेलं. प्राथमिक आरोग्य केंद्र चौदा किलोमीटरवर. वाटेतूनच फोन केला होता, म्हणून तिथल्या सिस्टर इंजेक्शन भरून दारात उभ्या होत्या. ताई म्हणाल्या, "मी चालत येते." सिस्टरांनी साफ नाही म्हटलं. जीपमध्येच मांडीत इंजेक्शन दिलं आणि मग स्ट्रेचरवर आत नेलं. सलाइन आणि ऑक्सिजन लावला, थोड्या वेळानं दुसरं इंजेक्शन दिलं. रात्रभर ग्रामीण रुग्णालयात ठेवलं. आज त्या ताई गटाचं रजिस्टर लिहितायत.

याला म्हणतात अ‍ॅनाफिलॅक्सिस

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. शरीर एखाद्या गोष्टीला शत्रू समजतं आणि ती पुन्हा अंगात आली की सगळीकडून एकदम तुटून पडतं. त्या ताईंना आदल्या वर्षीही गांधीलमाशी चावली होती आणि तेव्हा अंगभर पित्त उठून आपोआप बसलं होतं. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. पण शरीरानं ती ओळख ठेवली होती.

आपल्याकडे हे होण्याची नेहमीची कारणं म्हणजे गांधीलमाशी किंवा मधमाशीचा दंश, शेंगदाणा, मासे, कोळंबी, अंडं, दूध यांसारखं खाणं, आणि औषधं. औषधांमध्ये पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स आणि अंगदुखीची इंजेक्शनं मुख्य. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात ना, ते याचसाठी. लसीनं असं फार क्वचित होतं, पण झालंच तर ते बहुतेक वेळा लवकर दिसतं आणि उपाय तिथं हाताशी असतो.

साधी अ‍ॅलर्जी आणि हा झटका यांतला फरक कसा ओळखायचा? साध्या दंशात चावलं तिथंच सूज येते. अख्खा हात सुजला तरी ती जागेवरचीच सूज. नुसतं पित्त उठलं असेल आणि बाकी माणूस ठणठणीत असेल, तर लक्ष ठेवायचं, एकटं सोडायचं नाही. पण अ‍ॅलर्जीमागोमाग पुढच्यापैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी तो झटका समजायचा:

- श्वास: आवाज घोगरा होणं, घसा दाटणं, जीभ सुजणं, गिळता न येणं, छातीत घरघर, सारखा खोकला.
- रक्ताभिसरण: चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अंग गार आणि घामेजलेलं, बेशुद्धी. लहान मूल अचानक लुळं किंवा पांढरंफटक पडणं.
- पोट: दंश किंवा इंजेक्शननंतर अचानक पोटात जोराच्या कळा आणि उलट्या.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. काही जणांच्या अंगावर एकही गांध उठत नाही. थेट श्वास लागतो किंवा माणूस कोसळतो. "अंगावर काही नाही, म्हणजे अ‍ॅलर्जी नाही," असं समजून थांबू नका. बरेच जण अशा वेळी म्हणतात, "मला काहीतरी भयंकर होतंय." त्याला भित्रेपणा समजू नका, तेही लक्षणच आहे.

आडवं का करायचं? विहिरीवरच्या मोटारीवरून समजून घेऊ

ही गोष्ट मला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावली आणि तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली.

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की काय होतं? मोटार चालूच असते, आवाजही येतो, पण पाइपातून पाणी येत नाही. मोटार बिघडलेली नसते. तिला ओढायला पाणीच नसतं.

या झटक्यात हृदयाचं तसंच होतं. अंगातल्या रक्तवाहिन्या एकदम सैल होऊन फुगतात, म्हणजे तेवढंच रक्त मोठ्या जागेत पसरतं. शिवाय त्या पाझरायला लागतात. दहा मिनिटांत रक्तातला साधारण एक तृतीयांश द्रव वाहिन्यांबाहेर झिरपू शकतो. सूज आणि गांध्या येतात त्या या पाझरण्यामुळेच. त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं.

आता माणूस आडवा असेल, तर पायातलं आणि पोटातलं रक्त सपाटीनं हृदयाकडे वाहत येतं. जेमतेम का होईना, काम चालतं. पण त्याला बसवलं किंवा उभं केलं, की उरलंसुरलं रक्त पायांकडे उतरतं. हृदय रिकामं पडतं. ते धडधडत राहतं, पण पुढे ढकलायला त्याच्याकडे काही नसतं. आमच्या ताई दोन पावलांत कोसळल्या त्या यामुळे.

इंग्लंडमधले डॉ. रिचर्ड पंफ्री यांनी अशा झटक्यांनी झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. 2003 साली त्यांनी लिहिलं, की काही माणसं आडवी होती तोवर तग धरून होती, आणि त्यांना उठवून बसवलं किंवा उभं केलं त्यानंतर काही क्षणांत दगावली. घेरी आलेल्या माणसाला बसवून पाणी पाजायची आपली सवय या झटक्यात जिवावर येऊ शकते.

म्हणून त्या माणसाला तो असेल तिथंच, पाठीवर, सपाट झोपवायचं. पाय पोत्यावर, उशीवर किंवा पाटावर उचलून ठेवायचे. डोक्याखाली उशी नको.

काही वेळा थोडा बदल करावा लागतो:

- श्वास लागल्यामुळे आडवं होताच येत नसेल, तर पाठीला आधार देऊन बसू द्या, पण पाय समोर लांब पसरलेले हवेत. खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसवू नका. घेरी आली की लगेच आडवं करा.
- उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल, तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही.
- गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा.
- लहान मुलाला खांद्यावर उभं धरून पळू नका. दोन्ही हातांवर किंवा मांडीवर आडवं धरा.

आणि बरं वाटायला लागलं तरी उठू द्यायचं नाही. मोरीपर्यंतसुद्धा नाही. जीपपर्यंत चालवायचं नाही, जीप माणसापर्यंत आणायची. मोटारसायकल तर नकोच.

उपाय एकच: अ‍ॅड्रेनालिन, आणि तेही मांडीत

आडवं केल्यानं वेळ मिळतो, झटका थांबत नाही. तो थांबवणारं औषध म्हणजे अ‍ॅड्रेनालिन. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, घशाची सूज उतरवतं, छातीतल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं आणि हृदयाला जोर देतं.

घरातली अ‍ॅलर्जीची गोळी यातलं काही करत नाही. ती खाज कमी करते, तीही अर्ध्या-एक तासानं. सूज उतरवण्याचं स्टेरॉइड इंजेक्शनही कामाला लागायला काही तास घेतं. ही औषधं नंतर दिली तर चालतील, पण त्यांचा गुण येतो का हे बघत थांबणं ही मोठी चूक. घसा सुजला असताना तोंडातून पाणी किंवा गोळी देणंही धोक्याचं.

घाई किती करायची? डॉ. पंफ्री यांनी 2000 साली मांडलेले आकडे बघा. ब्रिटनमध्ये जे दगावले त्यांच्यात श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला वेळ इंजेक्शन-औषधाच्या अ‍ॅलर्जीत साधारण 5 मिनिटं, दंशात 15 मिनिटं आणि खाण्याच्या अ‍ॅलर्जीत 30 मिनिटं होता. झटका आलेले बहुतेक लोक वाचतात, घाबरून जाऊ नका. पण वाट बघायला वेळ नसतो, एवढं या आकड्यांवरून कळतं.

आपल्या भागात हे औषध बहुतेक ठिकाणी एक मिलिच्या काचेच्या छोट्या अँप्यूलमध्ये असतं. आरोग्य केंद्रातल्या तातडीच्या ट्रेमध्ये ते ठेवलेलं असतं. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत दिलं जातं. मुलांना वयानुसार कमी. लसीकरणाला येणाऱ्या सिस्टर, म्हणजे एएनएम ताई, यांच्याकडेही लसीनंतरच्या झटक्यासाठी हे किट असतं आणि पहिला डोस देण्याचं प्रशिक्षण त्यांना दिलेलं असतं. अँप्यूल फोडून डोस मोजायचं काम शिकलेल्या माणसाचंच. आपण अंदाजानं करायचं नाही.

पेनसारखं इंजेक्शन कसं वापरायचं

आपल्या एका गटातल्या आजींचा नातू पुण्याला असतो. त्याला शेंगदाण्याची जबर अ‍ॅलर्जी आहे. दिवाळीला गावी येतो तेव्हा त्याच्या दप्तरात जाड पेनसारखी वस्तू असते. तो ऑटो-इंजेक्टर. त्यात अ‍ॅड्रेनालिनचा एक डोस आधीच मोजून भरलेला असतो, मोठ्यांसाठी बहुधा 0.3 मिलिग्रॅम आणि लहान मुलांसाठी 0.15. परदेशात तो सर्रास मिळतो. आपल्याकडे महाग आहे आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. पण ज्याच्याकडे असेल, त्याच्या घरातल्या प्रत्येकीला तो वापरता आला पाहिजे. आजींनी मला विचारलं होतं, "सून बाजाराला गेली आणि पोराला झालं तर?" त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी पायऱ्या लिहिते:

1. मुलाला आडवं करा. पाय हलू नये म्हणून घट्ट धरा.
2. पेन मुठीत धरा. अंगठा टोकावर ठेवू नका, नाहीतर सुई अंगठ्यात जाईल. नेहमी दिसणाऱ्या एका प्रकारात सुई नारिंगी टोकाकडून येते आणि निळं टोपण दुसऱ्या टोकाला असतं.
3. टोपण सरळ ओढून काढा.
4. सुईचं टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघ्याच्या मधोमध टेकवा आणि जोरात दाबा. कपड्यावरून चालतं, पण खिशातली वस्तू किंवा जाड शिवण मधे नको. "खट्" असा आवाज येईल.
5. तसंच दाबून धरा. किती सेकंद ते पेनवर लिहिलेलं असतं, कुठल्या पेनला 3 तर कुठल्याला 10.
6. पेन काढा आणि वेळ लिहून ठेवा. 108 ला फोन करा. दोघी असाल तर एकीनं फोन आणि दुसरीनं इंजेक्शन, एकाच वेळी.
7. पाच मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरं पेन असेल, तर ते द्या, शक्यतो दुसऱ्या मांडीत.

दंडात किंवा कुल्ल्यात नको, शिरेत तर मुळीच नको. मांडीतून औषध लवकर पोचतं. दिल्यावर छाती धडधडेल, हात थरथरतील. ते औषधामुळे होतं आणि थोड्या वेळानं थांबतं. "द्यावं की नको" असा प्रश्न पडला, तर द्यावं. झटका नसताना दिलेल्या एका डोसानं सहसा मोठं नुकसान होत नाही, पण झटका असताना न दिल्यानं जीव जाऊ शकतो. पेन उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. संपायची तारीख बघा, आणि आतलं औषध तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर बदला.

इंजेक्शननं बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. औषधाचा जोर ओसरला की झटका परत येऊ शकतो, कधी काही तासांनी. म्हणूनच आमच्या ताईंना रात्रभर ठेवलं होतं.

त्या दिवशी आम्ही काय करायला हवं होतं

मधमाशी असती तर तिचा काटा त्वचेत राहतो, तो नखानं लगेच खरवडून काढायचा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, त्यामुळे चुना आणि लोखंडात गेलेला वेळ वायाच गेला. गांध्या आणि घोगरा आवाज एकत्र दिसले, त्या क्षणी 108 ला सांगायचं होतं: "गांधीलमाशी चावलीय, अ‍ॅलर्जीचा झटका आलाय, आवाज बसलाय, चक्कर येतेय." आणि त्याच वेळी आरोग्य केंद्राला फोन: "अ‍ॅड्रेनालिन तयार ठेवा, पेशंट झोपवून आणतोय." ताईंना तिथंच आडवं ठेवायचं होतं, पायांखाली पोतं द्यायचं होतं. श्वास पूर्ण थांबला असता, तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची होती.

आता त्या ताईंच्या आरोग्य कार्डावर पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलंय: गांधीलमाशी, अ‍ॅनाफिलॅक्सिस. कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी त्या ते दाखवतात. तुमच्यापैकी कुणाला दंशानं, खाण्यानं किंवा इंजेक्शननं कधी अंगभर गांध्या उठून चक्कर आली असेल किंवा श्वास लागला असेल, तर तुम्हीही लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. पुढचा झटका त्याहून मोठा असू शकतो. दमा असेल तर जास्तच सांभाळा.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक काम करू. आपल्या वाडीपासून सगळ्यात जवळ अ‍ॅड्रेनालिन कुठं मिळतं, रात्री आणि रविवारी तिथं कोण असतं, त्यांचा फोन नंबर काय आणि माणूस आडवा नेता येईल अशी गाडी कुणाची, या चार गोष्टी आशाताई आणि सिस्टरांना विचारून रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहू. त्या वाडीतल्या गटानं त्या लिहिल्यात. जीपवाल्याचा नंबर पहिला आहे.